एकच जंतू, दोन रिपोर्ट: एंटेरोबॅक्टर एरोजेनेसचा क्लेबसिएला झाला तेव्हा

हे प्रकरण शिकवण्यासाठी जुळवलेलं आहे. यातला रुग्ण काल्पनिक आहे. मात्र तपासण्या, नावांचा इतिहास आणि औषधांचं वागणं जसं असतं तसंच घेतलं आहे. मध्यम आकाराच्या रुग्णालयातल्या कोणत्याही सूक्ष्मजीवशास्त्र विभागाला ही गोष्ट ओळखीची वाटेल.

एकसष्ट वर्षांचे एक शेतकरी थंडी वाजून ताप, डोळे पिवळे आणि उजव्या बरगडीखाली दुखणं घेऊन रात्री अपघात विभागात आले. वर्षभरापूर्वी पित्तनलिकेत अडकलेला खडा काढून त्यांना प्लास्टिकचा स्टेंट बसवला होता. असा स्टेंट साधारण तीन महिन्यांत बदलावा लागतो. बरं वाटू लागल्यावर ते परत आलेच नव्हते. स्टेंट तुंबला होता आणि वर साठलेल्या पित्तात जंतू वाढले होते. रक्ताचं कल्चर पाठवून रात्रीच सेफ्ट्रिॲक्सोन हे तिसऱ्या पिढीचं सेफलोस्पोरिन प्रतिजैविक सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी कल्चरच्या बाटलीत वाढ दिसली. ग्रॅम स्टेनमध्ये लाल काड्या आणि मॅकॉन्की आगारवर गुलाबी वसाहती आल्या. तिसऱ्या दिवशी संगणकावर रिपोर्ट आला. त्यातल्या कामाच्या ओळी अशा. 'S' म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देतो, 'R' म्हणजे देत नाही:

```
Organism: Klebsiella aerogenes
Ampicillin                R
Amoxicillin-clavulanate   R
Cefoxitin                 R
Ceftriaxone               S
Cefepime                  S
Meropenem                 S
```

वॉर्डातल्या निवासी डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला. क्लेबसिएला रोजच्या ओळखीचा, सेफ्ट्रिॲक्सोनपुढे 'S' लिहिलेलं आणि ताप उतरणीला लागलेला. औषध तेच ठेवलं. स्टेंट बदलण्याचं कामही घाई नाही म्हणून पुढच्या आठवड्यावर गेलं. रुग्णाच्या जुन्या फाइलमध्ये गेल्या वर्षीच्या पित्ताच्या कल्चरचा कागद होता. बाहेरच्या प्रयोगशाळेच्या त्या कागदावर `Enterobacter aerogenes` असं छापलेलं होतं. डॉक्टरांनी तो पाहिला आणि नोंद केली: "मागचा जंतू वेगळा, आताचा नवीन."

सहाव्या दिवशी पुन्हा थंडी-ताप आला. नव्या कल्चरमध्ये जंतूचं नाव तेच होतं, पण आता सेफ्ट्रिॲक्सोन, सेफ्टाझिडाइम आणि पिपरासिलिन-टाझोबॅक्टम या तिन्हींपुढे 'R'. डॉक्टरांनी प्रयोगशाळेला फोन केला. "मॅडम, मागच्या वेळी तुम्हीच सेन्सिटिव्ह दिलं होतं. साधा क्लेबसिएला असा एकदम कसा फिरला?"

पहिला रिपोर्ट बरोबरच होता. "साधा क्लेबसिएला" हे मात्र बरोबर नव्हतं, आणि "मागचा जंतू वेगळा" हेही नव्हतं. दोन्ही गैरसमज एकाच जागेतून आले आहेत. 2017 मध्ये या जंतूच्या नावाचा पहिला भाग बदलला आणि स्वभाव होता तसाच राहिला.

जिवाणूच्या नावाचे दोन भाग असतात. पहिला प्रजातीचा, म्हणजे जीनसचा. त्याचं पहिलं अक्षर मोठं. दुसरा जातीचा, म्हणजे स्पीशीजचा, आणि तो पूर्ण लहान अक्षरांत. छापताना दोन्ही तिरक्या अक्षरांत. एकदा पूर्ण लिहिलं की पुढे जीनसचं पहिलं अक्षर आणि टिंब पुरतं. जाती ठरवली नसेल तर जीनसपुढे `sp.` आणि अनेक जाती अभिप्रेत असतील तर `spp.` लिहितात. ही दोन लघुरूपं सरळ अक्षरांत असतात. एवढं बहुतेकांना पाठ असतं. या प्रकरणात उपयोगी पडणारे नियम मात्र त्याच्या पुढचे आहेत.

पहिला असा की प्रत्येक जातीच्या नावाला एक प्रत्यक्ष नमुना बांधलेला असतो. त्याला टाइप स्ट्रेन म्हणतात आणि तो जिवंत स्वरूपात जंतुसंग्रहांत जपलेला असतो. नाव खऱ्या अर्थाने त्या नमुन्याचं असतं. बाकीचे जंतू त्याच्याशी पुरेसे जुळतात म्हणून त्यांना ते नाव मिळतं. आपल्या जंतूचा टाइप स्ट्रेन `ATCC 13048` या क्रमांकाने ओळखला जातो. दुसरा नियम असा की एखादी जाती एका जीनसमधून दुसऱ्यात हलवली तर पहिला भाग बदलतो आणि जातीचं नाव सोबत न्यावं लागतं. नव्या जीनसमध्ये त्याच नावाची दुसरी जाती आधीच बसलेली असेल, तरच वेगळं नाव देता येतं.

या दुसऱ्या नियमातल्या अपवादामुळेच या जंतूचं नाव अर्धं शतक अडकून पडलं होतं.

सुरुवात 1885 च्या सुमारास होते. थिओडोर एशरिख यांनी तान्ह्या बाळांच्या शौचातून दोन जंतूंचं वर्णन केलं. त्यातला एक पुढे ई. कोलाय झाला. दुसरा साखर आंबवून भरपूर वायू सोडायचा, म्हणून त्याच्या नावात 'एरोजेनेस' आलं. पुढे त्यातून एरोबॅक्टर एरोजेनेस हे नाव रुळलं आणि त्याबरोबर गोंधळही रुळला. या एका नावाखाली काही प्रयोगशाळा हालचाल करणारे जंतू ठेवत, काही हालचाल न करणारे आणि जाड कवच असलेले. ब्रिटनमध्ये अशा न हलणाऱ्या जंतूंना क्लेबसिएला एरोजेनेस म्हणण्याची पद्धत पडली. आज त्यांतल्या बहुतेकांना आपण क्लेबसिएला न्यूमोनिए म्हणू.

1960 मध्ये उरुग्वेचे एस्तेनिओ ओर्माएचे आणि अमेरिकेचे फिलिप एडवर्ड्स यांनी हालचाल करणाऱ्यांची वेगळी चूल मांडली. जीनसचं नाव ठेवलं एंटेरोबॅक्टर, आणि त्यात क्लोएके व एरोजेनेस या दोन जाती. नाव पटकन रुळलं आणि पाठ्यपुस्तकांत गेलं. आज पन्नाशीत असलेल्या प्रत्येक डॉक्टरने एंटेरोबॅक्टर हे असंच पाठ केलेलं आहे.

1971 मध्ये बॅस्कम आणि सहकाऱ्यांनी अनेक गुणधर्मांची संगणकावर एकत्र तुलना केली. त्यांना दिसलं की एंटेरोबॅक्टर एरोजेनेस हा क्लोएकेपेक्षा क्लेबसिएलांच्या जास्त जवळ आहे. मग त्याला क्लेबसिएलात न्यायला हवं. पण क्लेबसिएला एरोजेनेस हे नाव त्या काळी दुसऱ्याच, न हलणाऱ्या जंतूसाठी वापरात होतं. म्हणून त्यांनी क्लेबसिएला मोबिलिस असं नवं नाव दिलं, म्हणजे हलणारा क्लेबसिएला. न हलणाऱ्यांच्या घरात एक हलणारा आला, हे नावावरूनच कळावं असा चोख विचार त्यामागे होता. पण रुग्णालयांनी ते नाव फारसं मनावर घेतलं नाही.

मग 1 जानेवारी 1980 ही तारीख आली. तोवर जिवाणूंच्या नावांचं एवढं रान माजलं होतं की एक मान्य यादी काढून जुनं सगळं पुसायचं ठरलं. यादीत आहे ते नाव अधिकृतपणे प्रकाशित, नाही त्याला काही स्थान नाही. या यादीत एंटेरोबॅक्टर एरोजेनेस आलं आणि क्लेबसिएला मोबिलिसही आलं, दोन्ही एकाच टाइप स्ट्रेनवर. म्हणजे एकाच जंतूच्या नावावर दोन सातबारे. ब्रिटिश वापरातलं जुनं क्लेबसिएला एरोजेनेस मात्र यादीत नव्हतं. ज्या नावाने 1971 मध्ये वाट अडवली होती, ते स्वतःच बाद झालं. त्या वेळी याकडे कोणी फारसं पाहिलं नाही.

पुढे पूर्ण जनुकसंच वाचता येऊ लागले आणि बॅस्कम यांचा निष्कर्ष पक्का ठरला. हा जंतू खरोखरच क्लेबसिएलांच्या फांदीवर बसतो. आता हलवायचं तर कोणत्या नावाने? 2017 मध्ये टिंडाल, सटन आणि गॅरिटी यांनी कागदपत्रं तपासल्यासारखं हे प्रकरण तपासलं. त्यांचा युक्तिवाद साधा होता. दोन्ही नावांचा टाइप स्ट्रेन एकच आहे, म्हणून ती एकाच वस्तूची नावं आहेत. त्यांतलं 'एरोजेनेस' 1960 चं, म्हणजे जुनं आहे. जीनस बदलली तरी जातीचं जुनं नाव सोबत जायला हवं. अडथळा ठरलेलं नाव आता अस्तित्वात नाही. म्हणून क्लेबसिएलात गेल्यावर याचं योग्य नाव क्लेबसिएला एरोजेनेस, आणि मोबिलिस तिथे चालणार नाही. पूर्ण संदर्भासकट हे नाव असं लिहितात:

```
Klebsiella aerogenes (Hormaeche and Edwards 1960) Tindall et al. 2017
```

कंसातली नावं जातीला पहिल्यांदा नाव देणाऱ्यांची, कंसाबाहेरची तिला नव्या जीनसमध्ये नेणाऱ्यांची. कंस दिसला की जाती घर बदलून आली आहे हे कळतं. रुग्णालयाच्या रिपोर्टवर एवढं सगळं कोणी छापत नाही, आणि छापायची गरजही नाही.

इथे एक गोष्ट विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावी लागते. नावाचे नियम अधिकृत आहेत, वर्गीकरण अधिकृत नसतं. एंटेरोबॅक्टर एरोजेनेस हे नाव रद्द झालेलं नाही. ते आजही वैध रीतीने प्रकाशित नाव आहे. हा जंतू एंटेरोबॅक्टरमध्येच राहावा असं कोणाचं मत असेल तर ते नाव वापरायला नियमांची आडकाठी नाही. प्रत्यक्षात पुराव्यामुळे बहुतेकांनी नवं नाव घेतलं. पण सगळ्यांनी एकाच दिवशी घेतलं नाही. ओळख करणाऱ्या यंत्रांची माहिती वेगवेगळ्या वर्षी अद्ययावत होते. म्हणून एका शहरातल्या दोन प्रयोगशाळा एकाच जंतूला दोन नावं देऊ शकतात आणि दोघीही बरोबर असतात. आपल्या रुग्णाच्या फाइलमध्ये नेमकं हेच झालं होतं.

आता सेफ्ट्रिॲक्सोनकडे वळू. क्लेबसिएला न्यूमोनिए आणि एरोजेनेस यांच्यात उपचाराच्या दृष्टीने मोठा फरक एका जनुकाचा आहे. एरोजेनेसच्या गुणसूत्रावर अँपसी नावाचं जनुक असतं. त्यापासून पेनिसिलिन आणि सेफलोस्पोरिन गटातली औषधं फोडणारं एन्झाइम तयार होतं. एरवी ते थोडंच तयार होतं, कारण जनुकावर लगाम असतो. लगाम धरणाऱ्या जनुकात बिघाड झाला तर एन्झाइम भरमसाट आणि कायमचं बनू लागतं. असे लगाम सुटलेले जंतू कोणत्याही मोठ्या वसाहतीत आपोआप निपजतात, लाखो-कोटींत एखादा. चकती किंवा यंत्रावरच्या तपासणीत मर्यादित जंतू घेतले जातात. त्यात हा एखादा सापडत नाही, म्हणून 'S' येतो आणि तो खोटाही नसतो. तुंबलेल्या पित्तात मात्र जंतूंची संख्या प्रचंड असते. सेफ्ट्रिॲक्सोनने लगामातले मेले, ताप उतरला आणि रान मोकळं झाल्यावर उरलेले वाढले. सहाव्या दिवसाचा 'R' हा याच उरलेल्यांचा होता.

ही भीती केवळ कागदावरची नाही. एंटेरोबॅक्टरच्या रक्तसंसर्गावरच्या 1991 च्या एका अमेरिकन अभ्यासात तिसऱ्या पिढीचं सेफलोस्पोरिन दिलेल्या 31 रुग्णांपैकी 6 जणांत उपचार चालू असतानाच प्रतिरोध उभा राहिला. म्हणूनच "एंटेरोबॅक्टर दिसला की सेफ्ट्रिॲक्सोन नको" हे वाक्य जुन्या डॉक्टरांच्या तोंडी असतं. ते जीनसच्या नावाला चिकटलेलं ज्ञान आहे. 2017 नंतर एरोजेनेस त्या नावाखालून निघून गेला आणि वाक्य मागेच राहिलं. क्लोएके आहे तिथेच आहे, त्यामुळे त्याच्या बाबतीत ही सावधगिरी अजून आपोआप पाळली जाते. रुग्णालयातल्या धोकादायक जंतूंची आद्याक्षरं जोडून केलेल्या 'एस्केप' या नावात शेवटचा 'ई' एंटेरोबॅक्टरचा आहे आणि 'के' क्लेबसिएलाचा. आपला जंतू एका अक्षरातून उठून दुसऱ्यात जाऊन बसला, शब्दाला पत्ताही लागला नाही.

मला वाटतं, या नामांतराला दोष देणं सोपं आहे आणि चुकीचं आहे. वर्गीकरण सगळ्या जनुकांचं नातं पाहतं, तर उपचार बिघडवायला मोजकी जनुकं पुरतात. सख्ख्या नातेवाइकांत औषधांच्या बाबतीत एवढा फरक असू शकतो, हे जीनसच्या नावातून कधीच कळणार नव्हतं. "क्लेबसिएला म्हणजे अमुक औषध" ही सवय आधीपासूनच कच्ची होती. नाव बदललं तेव्हा ती उघडी पडली, इतकंच.

पहिल्या रिपोर्टमध्येही इशारा होता, फक्त तो नावात नव्हता. न्यूमोनिए स्वभावतः ॲम्पिसिलिनला दाद देत नाही. पण सेफॉक्सिटिन आणि ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटला त्याचा साधा प्रकार दाद देतो. इथे या दोन्हींपुढे 'R' होता आणि तरी सेफ्ट्रिॲक्सोनपुढे 'S'. हा आकृतिबंध गुणसूत्रावरच्या अँपसीकडे बोट दाखवतो. ओळखीबद्दल शंका असेल तर तीन स्वस्त नळ्या पुरतात. अर्धघन माध्यमात सुई खुपसून जंतू टाकले की न्यूमोनिए टोचल्याच्या रेषेतच वाढतो, तर एरोजेनेस आजूबाजूला पसरून माध्यम गढूळ करतो. ऑर्निथिन डीकार्बॉक्सिलेज चाचणी एरोजेनेसमध्ये सकारात्मक येते, न्यूमोनिएमध्ये नकारात्मक. युरिएज बहुधा याच्या उलट. क्लोएकेशी गल्लत होत असेल तर लायसिन पाहायचं. एरोजेनेसमध्ये ते सकारात्मक, क्लोएकेमध्ये नकारात्मक. ज्या छोट्या प्रयोगशाळा फक्त गुलाबी वसाहत पाहून `Klebsiella sp.` लिहून मोकळ्या होतात, त्यांच्याकडे हा जंतू पूर्वीपासून लपलेला असणार. तिथे दोष 2017 चा नाही.

रुग्णाला सेफेपाइम सुरू केलं. अँपसीचं एन्झाइम त्याला सहज फोडू शकत नाही आणि नव्या नमुन्यातही ते 'S' होतं. त्याच दिवशी स्टेंट बदलला. माझ्या मते त्या दिवसातलं जास्त महत्त्वाचं काम हेच. पू किंवा तुंबलेलं पित्त आत राहिलं तर सेफेपाइमलाही जंतूंच्या त्याच मोठ्या संख्येशी झुंजावं लागतं. दोन दिवसांत ताप गेला.

प्रयोगशाळेत नंतर तीन बदल झाले. रिपोर्टवर जंतूच्या नावाची ओळ अशी छापली जाऊ लागली:

```
Klebsiella aerogenes (formerly Enterobacter aerogenes)
```

त्याखाली एक वाक्य: या जंतूत तिसऱ्या पिढीच्या सेफलोस्पोरिनविरुद्ध उपचारादरम्यान प्रतिरोध येऊ शकतो. रक्त आणि पित्ताच्या नमुन्यांत या जंतूसाठी सेफ्ट्रिॲक्सोनचा निकाल आपोआप छापायचा नाही, विचारला तर द्यायचा, असंही ठरलं. या शेवटच्या बदलाला एका शल्यविशारदांनी हरकत घेतली. साध्या मूत्रसंसर्गातही उगाच मोठी औषधं लिहिली जातील, असं त्यांचं म्हणणं. ती हरकत रास्त आहे. मूत्राशयाच्या साध्या संसर्गात औषधाची लघवीतली मात्रा खूप असते आणि जंतूंचा साठा कुठे अडकून पडलेला नसतो, त्यामुळे धोका बराच कमी. म्हणून मूत्राच्या नमुन्यांत निकाल छापणं चालूच ठेवलं.

खरी डोकेदुखी वार्षिक आकडेवारीची. समजा एका वर्षी रुग्णालयात एंटेरोबॅक्टरचे 50 नमुने आले आणि त्यात 20 एरोजेनेस होते. पुढच्या वर्षी जंतू तेवढेच आले, पण यंत्राची यादी अद्ययावत झाली. आता एंटेरोबॅक्टर 30 दिसतात. तक्त्यावर चाळीस टक्के घट! संसर्ग-नियंत्रण समितीत कोणीतरी हात धुण्याच्या मोहिमेला याचं श्रेय देणार. दुसरीकडे हे 20 जर "क्लेबसिएला, सर्व जाती" या रकान्यात गेले तर ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटची परिणामकारकता कारण नसताना खाली येते. उपाय एकच: तक्ता जातीनुसार ठेवायचा, आणि नाव बदललं त्या वर्षाआधीच्या नोंदीही नव्या नावाखाली आणून मगच तुलना करायची. टक्केवारी काढायला एका जातीचे किमान 30 नमुने असावेत असा संकेत आहे. एरोजेनेसचे तेवढे नसले तर दोन वर्षांचे एकत्र घ्यावेत, पण न्यूमोनिएत मिसळू नयेत.

जुन्या नोंदी शोधताना जातीचं नाव सोबत नेण्याचा तो नियम फार कामाला येतो. जीनसने शोध घेतला तर अर्ध्या नोंदी सुटतात. फक्त `aerogenes` टाकलं की नावबदलाच्या दोन्ही बाजूंच्या नोंदी एकदम समोर येतात. या रुग्णाच्या बाबतीत तसं केलं तेव्हा बाहेरच्या प्रयोगशाळेचे आणखी दोन जुने रिपोर्ट निघाले, दोन्ही एंटेरोबॅक्टर म्हणून. आणखी एक मात्र हातानेच शोधावा लागला. त्यावर कोणीतरी नुसतं `E. aero` लिहून ठेवलं होतं.